भाडेकरूचे पाहुणे आणि घरमालकाची संमती

चैत्र संपता संपता चंद्रपुरात उन्हाची काहिली वाढू लागते आणि त्याच सुमारास लग्नसराईलाही जोर चढतो. शाळांना सुट्या लागलेल्या असतात. सिरोंचा, एटापल्ली, मूल, राजुरा अशा गावोगावचे आप्त एसटीने पेट्या-वळकट्या घेऊन शहरातील नातलगाच्या दारी उतरतात. लग्न एका दिवसाचे असले, तरी त्यासाठी आलेली आत्या, मामी किंवा थोरली बहीण एका दिवसाकरिता आलेली नसते. पापड-कुरड्या, दळणकांडण, रुखवताची तयारी, साक्षगंध, हळद, लग्न आणि मागाहूनचा सत्यनारायण असे सारे आटोपून तिला परतायला तीन आठवडे सहज लागतात. घर स्वतःचे असेल, तर हा सारा आनंदाचाच भाग होय. परंतु वीज केंद्र, कोळसा खाणी, कागद आणि सिमेंटचे कारखाने, शाळा आणि कचेऱ्या यांमुळे या जिल्ह्यात भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांची संख्या मोठी आहे. अशा कुटुंबापुढे एक साधा पण अवघड प्रश्न उभा राहतो : इतके पाहुणे इतके दिवस ठेवण्यासाठी घरमालकाची परवानगी घ्यावी लागते काय, आणि घ्यायची तर ती कशी?

या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. एक कायद्याचे आणि दुसरे नळाच्या पाण्याचे. दोन्ही नीट समजून घेतल्याखेरीज घरमालकाशी केलेले बोलणे बहुधा फिसकटते.

प्रथम कायद्याचे पाहू. विदर्भात घरभाड्याचे नियमन पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९४९ सालच्या घरभाडे नियंत्रण आदेशानुसार होत असे. त्या आदेशान्वये भाडेपट्टी संपविण्याची नोटीस देण्यापूर्वी घरमालकाला भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी मिळवावी लागे आणि ती परवानगी ठरावीक कारणांसाठीच मिळे. घरमालकाच्या लेखी संमतीवाचून संपूर्ण घर किंवा त्याचा काही भाग पोटभाड्याने देणे, हे त्यांपैकी एक कारण होते. दिनांक ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला आणि मुंबई, विदर्भ व मराठवाडा येथील तीन निरनिराळे कायदे जाऊन राज्यात एकच कायदा आला. नियंत्रकाकडे जाण्याची जुनी पायरी त्यामुळे संपली. आता घरमालकाला घराचा ताबा हवा असल्यास त्याने थेट दिवाणी न्यायालयात दावा दाखल करावयाचा असतो व कायद्याच्या कलम १६ मधील एखादे कारण सिद्ध करावयाचे असते.

या कलमात ‘भाडेकरूने पाहुणे ठेवले’ असे कारण कोठेही नाही. ही गोष्ट भाडेकरू आणि घरमालक दोघांनीही लक्षात ठेवावी. तथापि पाहुण्यांशी संबंध येऊ शकेल अशी दोन कारणे त्यात आहेत, आणि तंटा उद्भवतो तो त्यांच्याच आधारे. पहिले कारण पोटभाडेकरू ठेवल्याचे. दुसरे कारण शेजाऱ्यांना उपद्रव दिल्याचे.

पोटभाड्याचा आरोप सिद्ध होण्यास काय लागते, याविषयी सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट निर्णय दिलेले आहेत. जागेत तिऱ्हाईत माणूस दिसला एवढ्यावरून पोटभाडे ठरत नाही, असे १९८४ च्या एका निर्णयात म्हटले आहे. गोव्यातील एका प्रकरणात २००९ साली न्यायालयाने हे सारे सूत्र पुन्हा एकदा मांडले. त्याचे सार असे की, भाडेकरूने जागेचा किंवा तिच्या काही भागाचा स्वतंत्र ताबा दुसऱ्यास दिलेला असला पाहिजे आणि त्याच्या मोबदल्यात काही घेतलेले असले पाहिजे. हे दाखविण्याची प्राथमिक जबाबदारी घरमालकावर असते. मात्र तिऱ्हाईत माणसाचा स्वतंत्र ताबा एकदा दिसून आला, की तो कशामुळे आहे, हे सांगण्याची जबाबदारी भाडेकरूवर येऊन पडते. मोबदला तर चारचौघांत कोणी घेत नाही. म्हणून परिस्थितीवरून न्यायालय तसे अनुमानही काढू शकते.

आता लग्नघराकडे या दृष्टीने पाहावे. आत्या आणि तिची मुले त्याच दोन खोल्यांत यजमानाबरोबर जेवतात, निजतात. दाराची किल्ली यजमानाच्या कमरेला असते. कोणी कोणाला राहण्याचे पैसे देत नाही. यात स्वतंत्र ताबाही नाही आणि मोबदलाही नाही. हे पोटभाडे नव्हे. परंतु याच घरात तीन ठिकाणी पाय घसरण्याचा संभव असतो. पहिले म्हणजे, लग्न आटोपल्यावर यजमान कुटुंबासह पंधरा दिवस गावी जातो आणि घर मेव्हण्याच्या हवाली करतो. त्या पंधरा दिवसांत घरात भाडेकरू नसून मेव्हणाच असतो. दुसरे म्हणजे, मागची खोली चुलतभावाच्या कुटुंबाला दिली जाते आणि तिला वेगळे कुलूप लागते. तिसरा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. लग्नाला आलेला भाचा शहरातील आयटीआयमध्ये किंवा महाविद्यालयात प्रवेश घेण्यासाठी मागे राहतो, जून उजाडतो, जुलै जातो, आणि त्याचे वडील दरमहा ‘मुलाच्या खर्चासाठी’ काही रक्कम पाठवू लागतात. ही रक्कम जेवणाखाण्याची असली, तरी घरमालकाला ती भाड्यासारखी दिसू लागते. पाहुणा कोठे संपला आणि राहणारा कोठे सुरू झाला, हे सांगणारी तारीख कोणापाशीच नसते. परवानगीच्या पत्रात परतण्याची तारीख लिहिण्याचे महत्त्व येथेच आहे.

दुसरे कारण उपद्रवाचे. कायद्याने येथे केवळ भाडेकरूच्या वर्तनाचा विचार केलेला नाही. भाडेकरूबरोबर राहणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने शेजारच्या रहिवाशांना उपद्रव दिला, तरी ते कारण ताबा मागण्यास पुरते. रात्री बारा वाजता अंगणात भांडणारा पाहुणा दुसऱ्या दिवशी आपल्या गावी निघून जातो. उत्तर द्यावे लागते ते भाडेकरूला. एखाद्या रात्रीच्या गलबल्यावरून कोणाचे घर जाईल असे नाही. न्यायालय त्रासाचे स्वरूप व सातत्य पाहते. तरीही शेजाऱ्यांनी घरमालकाकडे केलेली लेखी तक्रार पुढे कधी तरी फायलीतून वर येते, हा अनुभव आहे.

हे झाले रीतसर भाडेकरूचे. आजकाल शहरात बहुसंख्य घरे अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर दिली जातात. तेथे परिस्थिती बरीच निराळी आहे. अशा करारात घरात कोण कोण राहील, त्यांची नावे बहुधा लिहिलेली असतात आणि पाहुण्यांसंबंधी एखादी अटही असते. करार वाचून न पाहता पत्रिका छापणे हा शहाणपणा नव्हे. पाहुणे ठेवण्यास लेखी संमती लागेल असे त्यात म्हटले असेल, तर ती घेतलीच पाहिजे. तशी अट नसली, तरी मुदत संपल्यावर करार नव्याने करावा की नाही, हे सर्वस्वी घरमालकाच्या मर्जीवर असते, आणि मुदत संपल्यानंतर ताबा मिळविण्यासाठी कायद्याने त्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याचा जवळचा मार्ग दिलेला आहे. मे महिन्यातील मनस्तापाचा जबाब ऑक्टोबरमध्ये, नूतनीकरणाच्या वेळी मिळतो.

तोंडी व्यवहारावर राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. अधिनियमाच्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार लेखी असणे व त्याची नोंदणी होणे आवश्यक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. असा करार नसेल, तर भाड्याच्या अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे असल्याचे सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ‘आठ दिवसांपेक्षा जास्त पाहुणा राहणार नाही, असे तुम्हाला तेव्हाच बजावले होते,’ असे घरमालक म्हणाला, तरी तेवढ्याने ती अट ठरत नाही. मात्र हा अधिनियम त्याच्या अनुसूचीत नमूद केलेल्या क्षेत्रांपुरताच आहे. त्या क्षेत्रांबाहेरच्या लहान गावांत मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ लागू पडतो, आणि वेगळा करार नसल्यास महिनेमहाल भाड्याने दिलेल्या राहत्या घराचा व्यवहार पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपविता येतो. त्यासाठी कारणही द्यावे लागत नाही. दुर्गम तालुक्यात बदली होऊन गेलेल्या शिक्षकाने किंवा आरोग्यसेवकाने शहरातल्या कायद्याच्या भरवशावर तेथील घरमालकाशी वाद घालू नये, हे बरे.

कायद्याचे उत्तर एवढे. त्यावरून एखाद्याला वाटेल की, कराराने बांधलेले नसेल, तर विचारण्याची गरजच काय? गरज आहे; कारण घरमालकाची खरी हरकत बहुधा माणसांना नसते, पाण्याला असते. हे उदाहरणाने पाहू.

पठाणपुऱ्याच्या बाजूला एक जुने दुमजली घर आहे, असे समजा. वर घरमालक, त्यांच्या पत्नी आणि वृद्ध आई अशी तीन माणसे राहतात. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर घेऊन एक लिपिक आपली पत्नी व दोन मुली यांच्यासह राहतो. थोरल्या मुलीचे लग्न १० मे रोजी आहे. २५ एप्रिलपासून १६ मेपर्यंत, म्हणजे २२ दिवस, नऊ पाहुणे राहणार आहेत : आई-वडील, दोन बहिणी, त्यांची चार मुले आणि एक विधवा आत्या. लग्नाच्या आधीच्या तीन रात्री आणखी अकरा माणसे येतील. गच्चीवर १,००० लिटरची एकच टाकी आहे आणि नळाला दिवसातून एकदा पाणी येते.

नेहमीच्या सात माणसांना दरडोई १०० लिटर धरले, तर दिवसाला ७०० लिटर पाणी लागते. उरलेल्या ३०० लिटरमध्ये दोन्ही मजल्यांवरील एकेक कूलर, सडा-सारवण आणि तुळशीची कुंडी भागते. आता नऊ पाहुण्यांनी कितीही काटकसर केली, तरी माणशी ७० लिटर लागणारच. ते झाले ६३०. मे महिन्यातल्या चंद्रपुरात चार मुले आणि दोन वृद्ध असलेल्या खोलीत दुसरा कूलर लावावाच लागतो, आणि असा कूलर दिवसभरात ८० लिटर पाणी सहज पितो. एकूण १,४१० लिटर झाले, आणि हे जुन्या कूलरचे पाणी न धरता. टाकी तर १,००० ची. दररोज किमान ४०० लिटरची तूट येते. ही तूट प्रथम कोणाच्या ध्यानी येते? दुपारी चार वाजता वरच्या मजल्यावर नळ सोडणाऱ्या वृद्ध आईच्या. त्या क्षणी लग्नघराविषयीचा सारा सद्भाव आटून जातो. घरमालक खाली येऊन पाहुण्यांविषयी बोलतो, भाडेकरू दुखावतो, आणि दोघेही पाण्याविषयी बोलतच नाहीत.

हाच हिशेब आधी मांडला, तर उपाय कठीण नाही. २०० लिटरचे दोन ड्रम आणून ते नळाच्या वेळी टाकीच्या अगोदर खालीच भरून घ्यावेत. नळाचा जोर तेवढा नसेल, तर एक दिवसाआड टँकरचे पाणी घ्यावे किंवा शेजारच्या विहिरीचे पाणी धुण्याभांड्यांसाठी आणावे. कूलरचे पाणी ड्रममधूनच घालण्याचा नियम मुलांना घालून द्यावा. परंतु शेवटच्या तीन रात्री पाहुणे वीस होतात आणि मागणी २,१०० लिटरच्या वर जाते. आता १,१०० लिटरहून अधिक तूट भरून काढण्याजोगे ड्रम ठेवायलाही त्या घरात जागा नाही. तेव्हा या अकरा माणसांची निजण्या-न्हाण्याची सोय घरी होऊ शकत नाही, असा निष्कर्ष आकडेच काढून देतात. त्यांच्यासाठी मंगल कार्यालयातील खोल्या एक-दोन दिवस अगोदर घ्याव्यात किंवा गल्लीतील दोन शेजाऱ्यांकडे विभागून सोय करावी. हा निष्कर्ष भाडेकरूने स्वतः काढून घरमालकापुढे ठेवला, तर नकाराचे निम्मे कारण तेथेच नाहीसे होते. शौचालयाचेही तसेच आहे. खाली एकच शौचालय असून त्याची टाकी जुनी असेल, तर पाहुणे येण्यापूर्वी ती उपसून घेणे हा खर्च वाया जात नाही.

विजेचा हिशेब थोडा आडवळणाचा आहे. वरील घरात महावितरणचे मीटर एकच असून खालच्या मजल्याला पोटमीटर आहे. भाडेकरू दरमहा पोटमीटरच्या युनिटांप्रमाणे आपला वाटा देतो. घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने वाढतात : पहिली १०० युनिटे, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे. एरवी वर १८० आणि खाली ९० मिळून २७० युनिटे होतात, म्हणजे बिल दुसऱ्या टप्प्यातच राहते. पाहुण्यांच्या महिन्यात खालचा वापर २१० वर गेला, की बेरीज ३९० होते आणि ९० युनिटांना तिसऱ्या टप्प्याचा चढा दर लागतो. भाडेकरूने सरासरी दराने २१० युनिटांचे पैसे दिले, तर त्याने आपला वाटा चोख दिला असे त्याला वाटते. प्रत्यक्षात चढ्या दराचा काही भार वरच्या मजल्यावर पडतो, आणि आपला वापर तेवढाच असताना बिल का वाढले, हे घरमालकाला उमगत नाही. यावर न्याय्य तोड अशी की, ३०० च्या वरची युनिटे पाहुण्यांमुळे झाली असे मानून त्यांचे पैसे भाडेकरूने चढ्या दरानेच द्यावेत. त्याकरिता पाहुणे आले त्या दिवशीचा आणि गेले त्या दिवशीचा पोटमीटरचा आकडा दोघांनी मिळून लिहून ठेवावा. मांडवाची रोषणाई तर या मीटरवर मुळीच घेऊ नये. तिच्यासाठी महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळते.

येथे पैशांविषयी एक सूचना. काही घरमालक दर पाहुण्यामागे दर दिवशी अमुक रुपये मागतात. पाणी आणि विजेचा जादा खर्च देणे योग्यच आहे. परंतु तो त्याच नावाने द्यावा व पावतीवर तसे लिहून घ्यावे. ‘पाहुण्यांचे भाडे’ असे शब्द कागदावर आले, तर भाडेकरूकडे पाहुणे भाड्याने राहिले होते असा अर्थ त्यातून उद्या कोणी काढू शकतो.

आता मागणी कशी करावी ते पाहू. पत्रिका वाटल्यानंतर विचारणे म्हणजे विचारणे नव्हे, कळविणे होय. घरमालकाला ते बरोबर समजते. तिथी पक्की होताच, पाहुणे येण्याच्या किमान महिनाभर आधी, प्रथम स्वतः वर जाऊन बोलावे. आपल्याकडे हे बोलणे बहुधा यजमानीणबाईंकडूनच पुढे सरकते. काकूंना पाण्याची सोय पटली, की काकाजींचे उत्तर ठरल्यातच जमा असते. बोलणे झाल्यावर त्याच आठवड्यात पत्र द्यावे. इतक्या जवळच्या संबंधात कागद कशाला, असा संकोच पुष्कळांना वाटतो. परंतु तोंडी संमती देणारे काकाजी उद्या नसले आणि नागपूरहून आलेला त्यांचा मुलगा व्यवहार पाहू लागला, तर त्याला जुन्या बोलण्याची माहिती नसते. पत्राचा नमुना असा असावा :

‘आदरणीय काकाजी यांस, सादर नमस्कार. आपल्याशी रविवारी प्रत्यक्ष बोलणे झाल्याप्रमाणे लिहितो. चि. सौ. कां. मुलीचा विवाह दिनांक १० मे रोजी योजिला आहे. त्यानिमित्त माझे आई-वडील, दोन बहिणी, त्यांची चार मुले व आत्या अशी एकूण नऊ माणसे दिनांक २५ एप्रिल ते १६ मे या काळात माझ्याकडे राहावयास येत आहेत. त्यांची नावे व गावे सोबतच्या यादीत दिली आहेत. ही सर्व मंडळी पाहुणे म्हणून माझ्या कुटुंबाबरोबरच राहतील. त्यांच्याकडून मी कोणताही मोबदला घेणार नाही व घराचा ताबा माझ्याकडेच राहील. लग्नाच्या वेळी येणाऱ्या इतर मंडळींच्या निवासाची सोय कार्यालयात केलेली आहे. पाण्यासाठी खाली दोनशे लिटरचे दोन ड्रम ठेवून ते वेगळे भरण्यात येतील. पोटमीटरचे आकडे आपल्यासमोर घेऊन विजेच्या जादा वापराचे पैसे वरच्या टप्प्याच्या दराने देईन. दिनांक ९ व १० मे असे दोन दिवस अंगणात लहान मांडव घालण्यास आपली वेगळी अनुज्ञा असावी. वाहने गल्लीच्या तोंडाशी लावली जातील. पाहुण्यांकडून घराचे काही नुकसान झाल्यास त्याची भरपाई माझ्याकडे राहील. कृपया सोबतच्या प्रतीवर संमतीची स्वाक्षरी करावी, ही विनंती. आपण, काकू व आजी यांनी कार्यास अगत्याने यावे, हे आमंत्रण स्वतंत्रपणे देण्यास आम्ही उभयता येतच आहोत.’

या पत्रात मांडवाची वेगळी परवानगी मागितली आहे, ती शिष्टाचार म्हणून नव्हे. भाड्याने घेतल्या असतात त्या खोल्या. अंगण, गच्ची आणि विहीर यांचा नित्य वापर भाडेकरू करीत असला, तरी तेथे मांडव ठोकण्याचा हक्क त्यामुळे त्याला मिळत नाही. पाहुण्यांना होकार देणारा घरमालक फरशीत खिळे ठोकलेले पाहून संतापतो, असे कितीदा तरी घडते. मांडव रस्त्यावर येत असेल, तर घरमालकाची संमती पुरेशी नाही. महानगरपालिकेची परवानगी घ्यावी लागते. ध्वनिक्षेपकाला पोलिसांची परवानगी हवी आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात तो उघड्यावर लावता येत नाही. अंगणात आचाऱ्याची भट्टी लावायची असल्यास घरगुती वापराचा १४.२ किलोचा सिलिंडर त्यासाठी चालत नाही. व्यापारी वापराचा १९ किलोचा सिलिंडर घ्यावा लागतो. आणि ती भट्टी लाकडी जिन्याखाली लावू नये, हे सांगण्याचीही वेळ काही घरांत येते.

घरमालक बाहेरगावी राहत असेल, तर पत्र पोचल्याचा पुरावा हाती राहील अशा रीतीने टपालाने पाठवावे. भ्रमणध्वनीवर संदेश पाठवून ‘ठीक आहे’ असे उत्तर आले, तर तेही जपून ठेवावे. पण त्या संदेशात तारखा आणि माणसांची संख्या असली पाहिजे. नुसते ‘पाहुणे येत आहेत’ याला दिलेल्या होकाराचा पुढे कोणालाही काहीच अर्थ लावता येत नाही.

नकार आला तर काय करावे? करारात बंदीची अट नसेल, तर आप्तांना काही दिवस ठेवण्याचा भाडेकरूचा मार्ग त्या नकाराने कायद्याने बंद होत नाही, आणि पाहुणे आले म्हणून पाणी किंवा वीज तोडण्याचा अधिकार घरमालकाला मिळत नाही. कलम २९ अन्वये अशा अत्यावश्यक सोयी सबळ कारणाशिवाय तोडण्यास मनाई आहे आणि त्या पूर्ववत करून देण्याचा आदेश भाडेकरू न्यायालयाकडून मिळवू शकतो. तथापि ऐन हळदीच्या दिवशी न्यायालयात जाणे कोणास परवडणार? म्हणून नकाराचे कारण विचारावे आणि त्या कारणापुरता बदल करावा, हेच व्यवहाराला धरून आहे. कारण पाण्याचे असेल, तर मुले आणि बहिणी लग्नाच्या आठ दिवस आधी येतील. आई-वडील आणि आत्या तेवढे अगोदर येतील. वृद्ध आईच्या झोपेचे असेल, तर वरच्या खोलीखालची जागा रात्री मुलांना देऊ नये. कारण अविश्वासाचे असेल, मागील एखादा भाडेकरू पाहुण्याच्या निमित्ताने पोटभाडेकरू घुसवून गेला असेल, तर नावांची यादी आणि परतीची तारीख एवढीच त्याची भीती घालवू शकते. घरमालकाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. लेखी संमती देण्याने त्याचे काही जात नाही. उलट ‘हे नऊ जण १६ मेपर्यंतचे पाहुणे आहेत,’ असे भाडेकरूने स्वतःच्या स्वाक्षरीने कबूल केलेले असते, आणि त्या तारखेनंतर कोणी राहिल्यास तो कागद घरमालकाच्याच उपयोगी पडतो.

मुदतीत थोडाफार फरक होतोच. आत्याची प्रकृती बिघडली, परतीच्या गाडीला जागा मिळाली नाही, पावसाने वाट अडली, अशी कारणे निघतात. अशा वेळी जुनी तारीख उलटण्यापूर्वी दोन ओळींचे पत्र देऊन नवी तारीख कळवावी. प्रवेशासाठी मागे राहणाऱ्या भाच्याची गोष्ट मात्र याच पत्रात बसवू नये. तो आता लग्नाचा पाहुणा राहिलेला नाही. तो कोठे शिकणार, किती महिने राहणार, हे सांगून त्याच्यासाठी नव्याने विचारावे आणि लिव्ह अँड लायसन्सचा करार असेल, तर राहणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव घालून घ्यावे.

१६ मे रोजी शेवटची बहीण दुपारच्या गाडीने निघाली, की सायंकाळी पोटमीटरचा आकडा घरमालकाला दाखवावा, ड्रम परत करावेत, मांडवाच्या खिळ्यांची भोके सिमेंटने बुजवावीत, आणि काकूंकडे बुंदीचा डबा देताना पाहुणे गेल्याची चिठ्ठीही द्यावी.